गॉजच्या घड्या आणि चालू ठेवलेला टेप

तुम्ही दोघांनी कळवलंय की मराठी शिकण्यासाठी लावलेला पॉडकास्ट सोडून दिला. राजकारणावरच्या चर्चेचा होता, आणि दर वाक्याला थांबवावं लागत होतं. सोडलात ते बरंच केलंत.

नव्वदच्या दशकात मी सांगलीला नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवायची. तेव्हा पॉडकास्ट नव्हते, कॅसेट होत्या. एका मुलीची आखाती देशातल्या हॉस्पिटलसाठी मुलाखत ठरली होती. ती म्हसवडकडची, घरी मेंढरं. निवड झाली नाही तर घरचे लग्न उरकणार होते.

मेट्रनबाईंचा हुकूम होता की इंग्रजी बातम्यांची कॅसेट लावून शब्द न् शब्द लिहून काढायचा. तासाभरात तीन ओळी होत. मुलगी रडकुंडीला आली.

"आवं बाई, लय पळतंय ते. एक शबुद धरस्तवर धा निसटत्यात."

मी घरचा टेपरेकॉर्डर उचलला आणि मुली रोज जखमेवर बांधायच्या गॉजच्या घड्या घालत त्या खोलीत नेऊन ठेवला. शाळकरी पोरांसाठीच्या सोप्या इंग्रजी गोष्टी लावल्या. हात कामात, कान गोष्टीत, आणि टेप थांबवायचा नाही. बाजू संपली की गोष्ट मला मराठीत सांगायची. सांगता आली तर कॅसेट योग्य. धागाच लागला नाही तर ती बाजूला, तिच्याहून सोपी घ्यायची.

मेट्रनबाई दारात उभ्या राहिल्या. "हे काय, बालवाडी उघडलीत?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्या बातम्यांनी मुली बहिऱ्या झाल्यात."

"उद्यापासून टेप इथे दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता.

बारकाईनं ऐकणं मीही सोडलं नव्हतं. त्याच गोष्टीतला मिनिटभराचा तुकडा घेऊन पुन्हा पुन्हा रिवाइंड करायचा, ऐकलेलं लिहायचं आणि कॅसेटसोबत आलेल्या पुस्तकाशी ताडून बघायचं. पण ते दहा मिनिटंच. बाकी वेळ नुसतं ऐकणं.

मुलाखत घेणाऱ्या साहेबानं एका पेशंटची हकीकत भराभर सांगून काय करशील ते विचारलं. परत आल्यावर मुलगी म्हणाली, "दोन-तीन शबुद न्हाई कळलं. पर म्या थांबले न्हाई. पेशंटला धाप लागलीया, एवढं उमगलं, मंग काय करणार ते सांगितलं. औषधाचं नाव तेवढं परत इचारलं."

तिची निवड झाली. मेट्रनबाईंनी सगळ्यांना सांगितलं, बातम्यांच्या कॅसेटचा गुण. मी वाद घातला नाही आणि टेपही हलवला नाही. पुढच्या तुकडीच्या मुली त्याच खोलीत गोष्टी ऐकत घड्या घालू लागल्या.

तेव्हा आता लहान मुलांच्या गोष्टींचा मराठी पॉडकास्ट लावा. भांडी घासताना, चालताना, न थांबवता. रविवारी फोनवर गोष्ट मला सांगा. मधलं एखादं मिनिट आपण तिघं मिळून उलगडू. कुणी हसलं की एवढी मोठी झालात आणि पोरांच्या गोष्टी ऐकता, तर आवाज आणखी मोठा करा.