म्हसोबाच्या वाटेसाठी

नेऱ्यातली आमची जमीन बिल्डरला विकताना माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकच अट घातली होती. बांधावरच्या म्हसोबाकडे जायची वाट कायम मोकळी राहायला हवी. खरेदीखतात तसं लिहूनही घेतलं. आई दर अमावास्येला तिथे दिवा लावायची. ती गेल्यावर नाना लावू लागले.

पुढे इमारती झाल्या, भोवती भिंत झाली आणि वाट बंद पडली. फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "किसके घर जाना है?" नाना तेलाची बाटली घेऊन तसेच परत आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी सोसायटीच्या मॅनेजरला तक्रारअर्ज दिला. वडिलांना अडवलं, फार वाईट वाटलं, लक्ष घालावं. 'नोंद घेतली आहे,' एवढंच उत्तर आलं. दोन अमावास्या तशाच गेल्या.

चिडून मी पौडला एका वकीलबाईंकडे गेले. "सरळ नोटीसच पाठवा," म्हटलं.

त्यांनी माझा अर्ज वाचला. "काय झालं ते सांगितलंत, पण काय हवंय ते यात कुठेच नाही. नुसता वॉचमन उद्धट वागला असता, तर एवढी तक्रार पुरली असती. इथे तुमचा लेखी हक्क आहे. आधी मागणीपत्र द्या. खरेदीखतातली अट, नेमकं काय करून हवंय आणि किती दिवसांत. तुमच्या वडिलांच्या सहीनेच जाऊ दे."

"आणि नोटीस?"

"ती त्यांच्या वतीने मी पाठवीन. मुदतीत झालं नाही तर दावा लावू, असं त्यात लिहावं लागेल. मग खरंच कोर्टात जायची तयारी हवी."

घरी येऊन नानांना विचारलं. "कोर्ट नगं," ते म्हणाले. "तितं राहणारी माणसं आता शेजारी हायेत. आपल्याला फकस्त वाट पायजे."

मी मागणीपत्र लिहिलं, बिल्डर आणि सोसायटी दोघांच्या नावे. पंधरा दिवसांत भिंतीत माणूस जाईल एवढं दार करून द्यावं. 'आई इथे दिवा लावायची' हे वाक्य दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. नानांनी सही केली. खरेदीखताची प्रत जोडून पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

बाराव्या दिवशी बिल्डरचा इंजिनिअर मापं घेऊन गेला. मुदत टळली तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "काम हललंय. थांबा, फक्त पुढची तारीख लेखी घ्या." त्या तारखेला दार झालं.

अमावास्येला मी नानांसोबत गेले. शेंदरी दगडाभोवती आता कापलेली हिरवळ होती. नानांनी दिवा लावला, मग वळून आमच्या घराच्या दिशेने बघत राहिले. मध्ये बारा मजले उभे होते.

"हितनं आपल्या दारातला वटा दिसायचा," ते म्हणाले. "तुजी आई दिवा लावून हात करायची मला."

मी त्यांच्या शेजारी बसले. वात मंदावली, तेव्हा त्यांनी बाटलीतलं उरलेलं तेलही पणतीत ओतलं.