उणे अठरा अंशांवरची बरोबरची खूण

अकरावीच्या मुलींची एकतीस वर्कशीटं मी बुधवारी तपासून टाकली होती. 'तपासली' म्हणण्यापेक्षा 'टाकली' हेच खरं. पाच तास शिकवून झालं की माझे डोळे फक्त शेवटची ओळ बघतात. उत्तरसूचीही मीच घाईघाईत कॅल्क्युलेटरवर केलेली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांतलीच एक मुलगी रिकाम्या वर्गात आली. रत्नागिरीकडची, वडील इथे दुबईत, जबल अलीला कामाला. हातात गणित सोडून दुसरा विषय घ्यायचा फॉर्म, वडिलांच्या सहीचा. माझी सही घेऊन तो त्याच दिवशी ऑफिसात द्यायचा होता, आणि बस अर्ध्या तासात सुटणार होती.

"तुला तर मार्क्स चांगले आहेत," मी म्हणाले.

"मॅम, मार्क्स आहेत, बट आय डोन्ट गेट इट."

तिने वर्कशीट पुढे केलं. संमिश्र संख्यांचा धडा, i म्हणजे उणे एकचं वर्गमूळ; (2 + i) ला (−1 + i) ने गुणायचं होतं. गुणाकार −3 + i, बरोबर. पुढे तिने आलेखावरच्या उजव्या दिशेपासूनचे कोन काढले होते: पहिल्याचा साडेसव्वीस, दुसऱ्याचा उणे पंचेचाळीस, बेरीज उणे साडेअठराच्या आसपास. उत्तराचाही कोन कॅल्क्युलेटरवर तेवढाच. खाली माझी लाल खूण.

"मी प्लॉट करून पाहिलं," ती म्हणाली. "उणे अठरा म्हणजे उजवीकडे, खाली. पण हा पॉइंट डावीकडे, वर आहे. आणि गुणल्यावर तो फिरतोच का, तेही कळत नाही. सगळ्यांना कळतं, मलाच नाही. सो आय'ल ड्रॉप."

मी मनात म्हटलं, सगळ्यांना कुठलं कळतंय, बाई. मलाही काल कळलं नव्हतं. खरं तर सही करून घरी जावं, असं क्षणभर वाटलं. अल कुसैसचं ट्रॅफिक डोळ्यांसमोर होतं. पण चूक माझी आणि गणित सोडणार ती, हे काही पचेना.

मी तिला फरशीवर उभं केलं. "दोन फरश्या उजवीकडे, एक पुढे. सुरुवातीपासून इथवरचा बाण म्हणजे 2 + i. आता याला i ने गुण."

"−1 + 2i."

"जा तिथे."

ती सुरुवातीच्या जागेपासून एक फरशी डावीकडे आणि दोन पुढे अशी उभी राहिली. लांबी तीच, बाण मात्र डावीकडे बरोबर काटकोनात वळलेला. i एवढंच करतो. उणे एकने गुणलं तर बाण उलटा होतो, तीनने गुणलं तर तिप्पट लांब.

"मग −1 + i म्हणजे काय? एक आज्ञा. बाणाएवढं मागे जा, मग बाणाच्या डाव्या काटकोनात बाणाएवढंच जा. ही आज्ञा साध्या एकच्या बाणाला दिली तर कुठे पोचतेस?"

"−1 + i वरच. एकशे पस्तीस अंशांत. लांबी रूट टू."

"आता तीच आज्ञा 2 + i ला दे."

फॉर्म उलटा करून त्याच्या मागेच तिने आकृती काढली. मी अडवलं नाही. −2 − i, त्यात −1 + 2i मिळवले, −3 + i.

"मॅम, सेम ट्रँगल आहे. फक्त बेसच तिरका आहे, आणि मोठा. म्हणून कोनांची बेरीज आणि लांब्यांचा गुणाकार." तिने पेन्सिल थांबवली. "म्हणजे साडेसव्वीस प्लस एकशे पस्तीस. एकशे साडेएकसष्ट. डावीकडे, वर. मग उणे पंचेचाळीस?"

"कॅल्क्युलेटरला तू फक्त उभ्या-आडव्या अंतरांचा भागाकार देतेस. समोरासमोरच्या दोन दिशांचा भागाकार एकच येतो, त्याला कुठली ते कळत नाही. −1 + i ला आणि −3 + i ला तीच चूक झाली, म्हणून उत्तर जुळलं. आणि मी बरोबरची खूण केली." हे म्हणताना मला लाज वाटली.

खाली बसचा हॉर्न वाजला. तिने वर्कशीट माझ्यापुढे सरकवलं.

"मग माझे मार्क्स कट करा ना, मॅम."

मी खोडले. दोन मार्क गेले, आणि ती हसत होती. फॉर्मच्या मागची आकृती नीट दिसावी म्हणून तिने तो वहीत चिकटवला, सही असलेली बाजू खाली. मग ती बसकडे पळाली.

मी मात्र तिथेच बसले. मुलींनी बघून परत दिलेली उरलेली तीस वर्कशीटं काढली. त्यांतल्या सव्वीस मुलींचं चुकीचं उत्तर मी बरोबर ठरवलं होतं, आणि एकीनेही विचारलं नव्हतं.