तेराशे ऐंशी क्रमांकाची फ्रेम

"तुमच्या फिल्ममधल्या आईच्या चेहऱ्यावर किती समाधान आहे," पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले. "तक्रार नाही. राग नाही. असं हल्ली कुणी दाखवत नाही."

लातूरच्या अ‍ॅनिमेशन संस्थेचा तो छोटा हॉल. वर्षाची परीक्षाही एका फिल्मवर, बक्षीसही त्याच फिल्मवर. टाळ्या वाजल्या. मी उभा राहिलो आणि हात जोडले.

ती समाधानाची गोष्ट नव्हती. अर्धापूरच्या केळीच्या बागेत आई घड वाहायची. पाणी मागितलं की मालकीण वरून ओतायची, आई खाली ओंजळ धरायची. आमच्यासाठी तांब्या नव्हता. एका दुपारी आईनं भरलेली ओंजळ उघडली, पाणी मातीत सोडलं आणि ती चालू लागली. त्या बागेत तिला पुन्हा काम मिळालं नाही. मी मिनिटभराची फिल्म केली ती त्या उघडलेल्या हातांसाठी. नांदेडला आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर तो धंदा बसला, आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी इथं मुलांच्या वर्गात येऊन बसलो. तेही त्या हातांसाठीच.

पडद्यावर मात्र ओंजळ भरली आणि अंधार झाला.

मागून शबाना कुजबुजली. वर्गात ती माझ्या शेजारी बसते. "काका, आईनं पाणी सोडलंच न्हाई की. पुढचं कुठं गेलं?"

"गप बस," मी म्हणालो.

पुढचं कुठं गेलं, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण जे दिसलं ते खोटं आहे, हे ठाऊक होतं. टाळ्या गोड लागल्या म्हणून मी गप्प राहिलो. याची लाज कशी सांगू? मालकिणीनं आईला वाकवलं होतं. मला कुणी वाकवलं नव्हतं. मी आपणहून वाकलो.

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये जाऊन फोल्डर उघडलं. आमच्याकडे फिल्म एकदम तयार होत नाही. एका सेकंदाला चोवीस फ्रेम, प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र. संगणक एकेक रेंडर करून, म्हणजे पूर्ण रंगवून, क्रमांक घालून ठेवतो, आणि शेवटी दुसरा प्रोग्राम ती सगळी जोडून व्हिडिओ करतो. आदल्या रात्री रेंडर चालू असताना लाईट गेली. यूपीएसनंही दम सोडला. त्या क्षणी स्क्रीनवर आकडा होता तेराशे ऐंशी. लाईट आल्यावर मी पुढून सुरुवात केली, तेराशे एक्याऐंशीपासून. स्क्रीनवर आकडा आला म्हणजे ती फ्रेम झाली, असं मी धरून चाललो. ती झालीच नव्हती. अर्धवट फ्रेम डिस्कवर उतरत नाही.

फोल्डरमध्ये तेराशे एकोणऐंशीनंतर एकदम तेराशे एक्याऐंशी. जोडणारा प्रोग्राम ओळीनं क्रमांक वाचतो. मधला एक सापडला नाही, की चित्रं संपली असं समजून थांबतो. चूक दाखवली नाही. काम पूर्ण झालं, एवढंच सांगितलं. पुढच्या साठ फ्रेम फोल्डरमध्ये शाबूत होत्या. त्या अडीच सेकंदांत आईचे हात उघडत होते. मी फिल्मची सुरुवात चालवून पाहिली होती, शेवट नाही. फिल्म मूक होती, त्यामुळे आवाज पुढे राहून चित्र संपलं, असंही कळायला वाव नव्हता.

ती एक फ्रेम पुन्हा रेंडर केली. पुन्हा जोडलं. पेन ड्राईव्ह घेऊन आम्हाला शिकवणाऱ्या सरांकडे गेलो. सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

"काका, राहू द्या की," सर म्हणाले. "तुम्हालाच पहिलं बक्षीस ठरून राहिलंय. दिलेली फाईल बदलायची म्हणजे नियमानं बाद. वर्ष जाईल."

"सर, ती फिल्म अर्धी हाय."

"अर्धीच आवडली ना त्यांना? मग?"

पेन ड्राईव्ह मी खिशात घातला. बक्षीस हवं होतं. खोटं का बोलू, फार हवं होतं.

निकालाच्या वेळी माझं नाव पुकारलं. मी माईक घेतला. म्हणालो, "तुम्ही पाहिलेल्या फिल्ममध्ये शेवट नव्हता. चूक माझी आहे. आई ते पाणी पीत नाही. ते मातीत सोडून ती निघून जाते. मघाशी मी हे बोललो नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग ती वेगळीच फिल्म झाली," ते म्हणाले. "खरं सांगू? पहिलीच चांगली होती. हा राग कशाला?"

"तो आईचा होता, साहेब. मी घातलेला नाही."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पेन ड्राईव्ह कुणी मागून घेतला नाही. बक्षीस दुसऱ्याला गेलं, अर्धी फिल्म दिली म्हणून माझी फाईल बाद झाली.

बाहेर शबाना म्हणाली, "काका, वर्ष गेलं की तुमचं."

"हाव," मी मान डोलावून म्हणालो.

पुढच्या वर्षी हीच फिल्म देणार आहे. परीक्षक कुणीही असोत, दिवे लागेपर्यंत मी उभा राहीन. मधेच कुणी कौतुक सुरू केलं तर त्याला तिथंच थांबवीन. नापास करायचं असेल, तर शेवटपर्यंत बघून करा.