तिन्ही मशीनवर तेच

साकोलीत हायवेच्या कडेला माझं ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, भरतीचे अर्ज, पीकविमा असली कामं. मी कमी बोलणारा माणूस. लोकांना ते आवडतं. यांच्याकडे कागद दिला की बाहेर वाच्यता होत नाही, असं म्हणतात. मी जे बोललो नाही त्यात ही पुढची गोष्टही होती, आणि ती मी बायकोलाही सांगितलेली नाही.

सुरुवात जाहिरातींपासून झाली. एकदा एक बाप आपल्या मुलीचा बारावीचा निकाल बघायला बसला होता आणि निकालाच्या बाजूला उघड्यावाघड्या बाईचं चित्र सरकत आलं. बापानं मान फिरवली, पोरीनं खाली घातली. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. दुसऱ्याच दिवशी मी जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं. दोन्ही ब्राउझरमध्ये टाकलं आणि त्यातल्या सगळ्या याद्यांवर टिक केली: जाहिराती, पाठलाग करणारे प्रोग्राम, त्रासदायक पट्ट्या, जे काय होतं ते. दुकानातल्या तिन्ही मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, माझंच खातं चालू असल्यामुळे एका ठिकाणी टाकलं की बाकीच्या दोन्हींवर आपोआप उतरायचं. पानं स्वच्छ दिसू लागली. मला त्याचा अभिमान होता.

जिच्यामुळे हे सांगतो आहे ती पोरगी नागझिऱ्याच्या बाजूच्या गावची. घरची धानाची शेती. तिनं प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं होतं. गावच्या तलावातल्या माशांवर प्रबंध लिहिला होता; त्याची प्रिंट माझ्याच दुकानातून निघाली होती. युरोपातल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती होती, तलावांवरच काम करायचं होतं. पदवी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, अशी अट होती. नागपूरहून तिचं एक प्रमाणपत्र उशिरा मिळालं, म्हणून ती शेवटच्या दिवशी आली. तिकडच्या दुपारी बारापर्यंत मुदत. जानेवारी होता, म्हणजे आपल्याकडचे साडेचार. ती अकरालाच येऊन बसली होती. सोबत बाप होता.

मी आधी कागद स्कॅन केले. जेवून आलो, दीड वाजता विद्यापीठाचं पान उघडलं. पान आलं आणि त्यावर करडा पडदा आला. मधे कुकीजबद्दलची पाटी, खाली दोन बटणं: ‘ॲक्सेप्ट ऑल’ आणि ‘सेटिंग्ज’. मी ‘ॲक्सेप्ट’ दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ‘सेटिंग्ज’ दाबलं. मागे अर्जाचं निळं बटण अंधुक दिसत होतं, पण तिथं माऊस पोचत नव्हता. पान खाली सरकत नव्हतं. रिफ्रेश केलं, तीच पाटी. हिस्ट्री साफ केली, तीच पाटी. पान बारीक करून पाहिलं, पाटी बारीक झाली, पडदा होता तेवढाच राहिला.

दुसऱ्या मशीनवर गेलो. तिसऱ्यावर. दुसरा ब्राउझर उघडला.

“तिन्ही मशीनवर तेच आहे,” मी म्हणालो. “म्हणजे साईटचाच घोळ आहे. शेवटचा दिवस आहे ना, लोड आला असेल. थांबू थोडं.”

पोरगी म्हणाली, “काका, सकाळी मोबाईलवर खुलून राहिलं होतं. ती पाटी आली होती, मी दाबलं तर गेली.”

“मोबाईलची साईट वेगळी असते.”

हे मी कशावरून म्हणालो? कशावरूनच नाही. तोंडातून निघालं. इतक्या वर्षांत माझ्या दुकानात बसून मला कोणी उपाय सुचवला नव्हता.

“मोबाईलवर करून पाहू का मग? तुमी स्कॅन पाठवा मले.”

“असले फॉर्म मोबाईलवर भरत नसतात, बेटा. पीडीएफ अर्ध्यात अटकते, मग फॉर्मही जाते अन् मुदतही. ऐक माझं.”

बापानं लगेच दुजोरा दिला. “भाऊ सांगतात तसं कर. तुले का जास्त समजते का?”

ती बाकावर जाऊन बसली. मी दर दहा मिनिटांनी पान उघडत होतो आणि दर वेळी तोच पडदा. मधे एकाचा उत्पन्नाचा दाखला काढून दिला. चारला दहा कमी असताना पोरगी उठली आणि म्हणाली, “काका, स्कॅन पाठवा.” आवाज चढवून नाही, पण आता ती विचारत नव्हती. मी पाठवले. तिनं मोबाईलवर पान उघडलं, पाटी आली, तिनं अंगठ्यानं दाबली आणि पाटी गेली. मी तिच्या खांद्यामागून बघत होतो. खातं उघडणं, ईमेलवर आलेली लिंक, मग एकामागून एक पानं, प्रत्येक पानावर माहिती आणि कागद. साडेचार वाजले तेव्हा शेवटची दोन पानं बाकी होती. पुढचं बटण दाबलं तर मुदत संपल्याची सूचना आली.

बापानं वाकून मोबाईलकडे पाहिलं. मग म्हणाला, “मोबाईलवर होत होतं, तर सकाळपासून काहून नाही केलं तू?”

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरमधला कागद नीट करत होतो.

“तुले जायचंच नव्हतं,” बाप म्हणाला. “भेव वाटलं तुले. सांगायचं असतं ना घरी, आमी का जबरदस्तीनं पाठवून राहिलो होतो?”

“नाही जी बाबा…”

मी तिला अडवलं होतं, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. बापानं जाताना माझे आभार मानले.

तेव्हा मला पडद्याचं कारण खरंच माहीत नव्हतं. ते त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास कळलं. एका गिऱ्हाइकाला परदेशातल्या दुकानाचं कसलं तरी पान बघायचं होतं, तिथंही तसाच पडदा. तो म्हणाला, प्रायव्हेट विंडोत उघडा. उघडली, पाटी आली, दाबली, गेली. गिऱ्हाईक निघून गेल्यावर मी त्याच खिडकीत विद्यापीठाचं पान उघडलं. बटण दाबलं. पडदा सरकन गेला आणि निळं बटण स्वच्छ समोर आलं.

प्रायव्हेट विंडोत आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाहीत. मग मी खणत बसलो. पाटी आणि पडदा विद्यापीठाच्या पानासोबत यायचे, पण ती बटणं चालवणारा प्रोग्राम एका दुसऱ्या कंपनीच्या सर्वरवरून यायचा, आणि तो सर्वर माझ्या यादीत अडवलेला होता. पाटी यायची, दाबल्यावर ऐकणारं कोणी यायचं नाही. आणि तिन्ही मशीनवर तेच, कारण तिन्ही मशीन म्हणजे मीच होतो. त्या पानापुरतं एक्स्टेन्शन बंद करून रिफ्रेश करायचं, एवढंच काम होतं.

मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी पोळ्याच्या करंज्या झाल्या होत्या. खाल्ल्या.

जाऊन सांगावं, असं ठरवलं होतं. मग बाप दिवाळीआधी धानाच्या सरकारी खरेदीच्या नोंदणीला आला. म्हणाला, पोरगी कॉलेजात तासिकेवर शिकवते, बरं चाललं आहे. मला वाटलं, बरं चाललं आहे तर आता उकरून कशाला काढायचं? दुसरा जानेवारी आला. शिष्यवृत्तीचे अर्ज पुन्हा निघाले. मला ते माहीत होतं, कारण मी ते पान अधूनमधून उघडून बघत असे. तिच्या पदवीला अजून दोन वर्षं झाली नव्हती. घरी पुन्हा विषय निघाला तेव्हा बाप म्हणाला होता, एकदा हसं झालं तेवढं पुरे. हेही मला बापानंच सांगितलं, हसत. मी त्याला पावती दिली.

मागच्या महिन्यात दोघं पुन्हा आले. तिला प्राध्यापक व्हायच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता. मुदतीला आठ दिवस बाकी होते.

“आखरीच्या दिवसाची वाट नाही पाहिली यावेळी,” बाप बाकावर बसत म्हणाला. “मागं भाऊनं तीन-तीन मशीनवर किती मेहनत घेतली बिचाऱ्यानं, अन् हिनं मोबाईल हातात धरून टाईम घालवला. मी साऱ्या गावाले सांगतो, माणूस असावा तं असा.”

पोरगी पिशवीतून फाईल काढत होती. तिचा हात थांबला नाही. हे तिनं खूपदा ऐकलेलं होतं.

मी म्हणालो, “तिची चूक नव्हती.”

“राहू द्या जी भाऊ, आता का त्याचं…”

“तिची नव्हती. इकडं या.”

एक्स्टेन्शन मी केव्हाच काढलं होतं. ते तिसऱ्या मशीनवर पुन्हा टाकलं, सगळ्या याद्यांवर टिक केली, विद्यापीठाचं पान उघडलं. पडदा आला. मी माऊस बापाच्या हातात दिला. “ते हिरवं ‘ॲक्सेप्ट’चं बटण दाबा.”

त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. शेतकऱ्याचं बोट, एकेक दाब जोर लावून. सात-आठ वेळा दाबून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मी एक्स्टेन्शन काढून टाकलं, पान रिफ्रेश केलं. “आता दाबा.”

पडदा गेला.

“हे अडवणारं मीच टाकलं होतं,” मी म्हणालो. “तिन्ही मशीनवर. साईट चांगली होती. अन् मोबाईलवर करू नको, हे मी म्हटलं होतं. ती तेव्हाच म्हणत होती.”

बापानं माऊसवरचा हात काढला.

पोरीनं विचारलं, “कवा समजलं तुमाले?”

“पोळ्याले.”

“मागच्या?”

“त्याच्या आधीच्या.”

तिनं मनात हिशेब केला, ते मला तिच्या ओठांवरून दिसलं. “म्हणजे दुसऱ्या जानेवारीच्या आधी,” ती म्हणाली. “तवा मी भरू शकत होती.”

“हो.”

“अन् आता नाही.”

“नाही.”

मी माफी मागितली. शब्द आठवत नाहीत, फार नव्हते. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. बाप उठला आणि म्हणाला, “चाल बाई, दुसरीकडं भरू.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून मला भाऊ ऐकू आलं नाही. मग तो दारापर्यंत जाऊन परत आला आणि तिच्याजवळ उभा राहिला. “मी तुले…” एवढंच म्हणाला. त्याच्या हातातली टोपी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

“इथंच भरू बाबा,” ती म्हणाली. “आलोच आहे तं.”

ती पहिल्या मशीनवर बसली. मी सवयीनं कीबोर्ड माझ्याकडे ओढायला गेलो, तर तिनं हात ठेवून धरला. “मी भरतो.” आमच्याकडे पोरीसुद्धा असंच बोलतात.

मग तिनं ब्राउझरच्या कोपऱ्यात जाऊन एक्स्टेन्शनची यादी उघडली. मी म्हणालो, या मशीनवर काही नाही. तिनं तरी वरपासून खालपर्यंत ती वाचली, एकेक ओळ, आणि मग अर्जाचं पान उघडलं.