साजरा आकडा

वॉर्डातले सगळे तिला आकडेबाई म्हणत. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती आणि बोलायची मोजकं, तेही दशांश चिन्हासकट. नवऱ्याने "जेवण कसं झालंय?" विचारलं, तरी आधी विचार करायची.

तिची खोड एकच. रक्त गोठून वर सुटलेल्या पाण्याची नळी यंत्रात ठेवण्याआधी खिडकीशी धरून पाहायची. आज दोन नळ्या हळदीसारख्या पिवळ्या होत्या. एक कुणा परक्या म्हाताऱ्याची, दुसरी तिच्या धाकट्या भावाची. दोघांनाही कावीळ, दोघांनाही जंतुसंसर्गावरचं, पण मूत्रपिंडाला जड जाणारं इंजेक्शन द्यायचं होतं. मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन ठीक आलं तरच.

रोजच्या, रंग किती चढतो ते मोजणाऱ्या पिक्रेटच्या पद्धतीने भावाचं आलं ०.९.

"अगं, मग तोंड का पाडलंस?" शेजारचा सहकारी म्हणाला. "साजरा आकडा आहे!"

"साजरा आहे म्हणूनच. त्याचे पाय सुजलेत, लघवी होत नाहीये."

गेल्याच आठवड्यात साखर चढलेल्या एका बाईचं क्रिएटिनिन तीनच्या वर आलं होतं. सगळं रुग्णालय धावलं. निघालं काय, तर साखर चढल्यावर रक्तात साठणाऱ्या केटोनांनी पिक्रेटला फसवून रंग चढवला होता. दुसऱ्या, एन्झाइमच्या पद्धतीने आकडा जागेवर आला. काविळीत रक्त पिवळं करणाऱ्या बिलिरुबिनचं उलटं. ते रंग दाबतं, आकडा खाली आणतं. भीतीदायक आकड्यामागे माणसं धावतात. चांगल्या आकड्याची कोण कशाला उलटतपासणी करील? तिनेही इतकी वर्षं कुठे केली होती? किती पिवळ्या नळ्या तिच्या हातून "ठीक" म्हणून गेल्या असतील, याचा हिशेब तिला लागेना.

एन्झाइमचं द्रावण महाग, म्हणून जपून वापरलेलं. बाटलीच्या तळाशी एकाच नमुन्यापुरतं उरलं होतं. नवी बाटली परवा येणार.

तिने भावाची नळी ठेवली. हात जराही अडखळला नाही, आणि हेच तिला नंतर बोचत राहिलं.

आकडा आला २.४.

तिने वॉर्डात फोन करून भावाचं इंजेक्शन थांबवलं. मग म्हाताऱ्याची नळी पिक्रेटवर लावली. ०.८. तिने पुन्हा वॉर्डात फोन लावला.

"डॉक्टर, म्हाताऱ्याचा आकडाही खरा धरू नका. रक्त पिवळं आहे, खरा आकडा जास्त असू शकतो."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाला. "मग किती धरू?"

तिने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

"आकडेबाई? त्यांचा ताप उतरत नाहीये. इंजेक्शन देऊ की थांबू?"

"दुसरीकडे नमुना पाठवते. संध्याकाळपर्यंत कळेल."

"तोवर थांबवतो. पण तोवर ताप थांबेल का, ते मला विचारू नका."

भाऊ वाचणार होता. वॉर्डात गेली, तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, तुझ्यामुळे सुई चुकली."

ती पलंगाच्या कडेला टेकली. पलीकडे म्हातारा तापात बडबडत होता, त्याची मुलगी कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. मुलीने वर पाहिलं आणि ओळख असल्यासारखी हसली. आकडेबाईला हसता आलं नाही.