बत्तिसाव्या प्रश्नाच्या बाई

अर्थशास्त्राच्या बाईंना सगळं कॉलेज ‘फोडणी’ म्हणायचं. तोंड उघडलं की तडतड. तीस वर्षं त्या ‘व्यावसायिक पर्यावरण’ शिकवत होत्या, आणि विचार न करता मारलेली खूण दिसली की त्यांचं डोकंच फिरायचं.

त्या दुपारी बेकरीवाल्याची मुलगी गुणपत्रिका घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. एकोणचाळीस गुण. पास व्हायला चाळीस लागतात.

“बाई, बत्तिसावा चुकला म्हणतात. मी ‘क’ लिहिलं होतं.”

प्रश्न बाईंनीच काढलेला. स्थिर दराच्या कर्जाचं व्याज नऊवरून दहा टक्के झालं. येत्या काळातली महागाई चारवरून सातवर जाणार, आणि कारखानदार आपल्या मालाची किंमतही तेवढीच वाढवू शकतो. तो काय करेल? ‘क’ म्हणजे कर्ज काढून यंत्र घेईल. छापील उत्तरतालिकेत मात्र ‘अ’: गुंतवणूक पुढे ढकलेल.

“तू अंदाजाने ठोकलंस की विचार केलास?”

“गेल्या वर्षी बँकेनं दर वाढवला, तरी बाबांनी भट्टी घेतली. म्हणाले, पावाचा भाव व्याजापेक्षा जोरात पळतोय.”

बाई उठल्या. खुर्ची मागे आपटली.

परीक्षा विभागात छपाईआधी पेपर आणि उत्तरतालिका तपासून देणारे सर होते. प्रत्येक वाक्यात ‘सरसकट’ घालायचे, म्हणून त्यांचं नावच सरसकट सर.

“बाई, तुमच्या ‘क’चं मीच ‘अ’ केलं,” ते खाकरून म्हणाले. “सरसकट गाइडांत तेच आहे. दर वाढला की गुंतवणूक ढकलायची. मध्यवर्ती बँक दर वाढवते ती त्याचसाठी.”

“त्यासाठीच वाढवते. पण प्रश्न पूर्ण वाचलात का, की पहिल्या ओळीवर पेन टेकवलंत?”

“वाद नको,” परीक्षा प्रमुख मधे पडले. “प्रश्न रद्द करू. सगळ्यांना एकेक गुण.”

“म्हणजे जिनं डोकं चालवलं तिला एक, आणि ज्यानं डोळे मिटून ‘अ’ ठोकला त्यालाही एक? मग मला पगार कशाचा देता?”

बाईंनी टेबलावरचा कागद उलटा करून सरांपुढे सरकवला. “व्याजातून महागाई वजा करा. तुम्हीच.”

सरांनी लिहिलं. नऊ वजा चार, पाच. दहा वजा सात. पेन थांबलं.

“तीन,” ते पुटपुटले. “खरं व्याज… कमी झालं.”

“मोठ्यानं.”

“कमी झालं, बाई.”

प्रमुखांनी उत्तरतालिकेत ‘क’ केला, खाली सही ठोकली आणि सगळ्यांचे निकाल पुन्हा काढायला सांगितलं.

बाहेर मुलगी भिंतीला टेकून उभी होती. बाईंना बघताच सरळ झाली.

“चाळीस झाले,” बाई म्हणाल्या.

ती हसायला लागली.

“हसतेस काय? शंभरातले साठ कुठे घातलेस? भट्टीत? उद्या सकाळी आठला पेपर घेऊन ये. एकेक प्रश्न बघणार आहे मी.”