तुळशीरामचा आवाज आणि त्याचं बिनतक्रारीचं पोट

धामणगाव बढ्याच्या बाजार आवारात सोयाबीनचे ढीग लागले की हर्रास बोलायला तुळशीराम उभा राहायचा. हर्रास म्हणजे लिलाव. पुढे तुळशीराम, मागे खरेदीदारांचं कोंडाळं, आणि एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकत जाणारा त्याचा आवाज. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचा, वर उधळायचा आणि असा भाव पुकारायचा की फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या शेतकऱ्यालाही आपला ढीग आला हे कळावं. माणूस अंगानं किरकोळ. अनोळखी खरेदीदार आधी त्याच्या मागे कुणी दुसराच उभा आहे का ते बघायचा.

त्या आवाजाला पावसाळ्यापासून काहीतरी झालं होतं.

आधी नुसती खवखव. मग कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही, नुसता ठसका. मग बोलता बोलता खाकरायची सवय लागली. ‘एक वार’ म्हटलं की खाकरायचं, ‘दोन वार’ म्हटलं की खाकरायचं. आणि ‘तीन वार’ला आवाज असा घोगरा व्हायचा की एक खरेदीदार म्हणाला, तुळशीराम, ढीग विकून राह्यला का आम्हाले भेव दाखवून राह्यला? सगळे हसले. तुळशीरामही हसला, आणि हसता हसता त्याला जो खोकला लागला तो पुढच्या ढिगापर्यंत थांबेना.

बाजार समितीनं माईक दिला. त्यावर खोकला दुप्पट ऐकू आला.

आता हे कशामुळे, याचं उत्तर गावात प्रत्येकाकडे होतं. धूळ, हे पहिलं. सोयाबीनच्या मोसमात आवारात इतकी धूळ उडते की संध्याकाळी माणूस नाक झटकतो तर काळं येतं. तुळशीरामलाही ते पटलं. तोंडाला रुमाल बांधला, पण रुमालातून हर्रास बोलता येत नाही. कुणी म्हणालं टीबी. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, काही नाही. कुणी म्हणालं दमा, म्हणून तोंडात ओढायचा फवारा झाला. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या झाल्या. तंबाखू म्हणावा तर तुळशीराम सुपारीलाही हात लावत नव्हता. सगळेच गोंधळले, आणि सगळ्यांत जास्त तो स्वतः.

त्यानं आपल्या परीनं आवाज जपायला सुरुवात केली, म्हणजे आधीच जपत होता, ते आणखी कडक केलं. ज्या म्हाताऱ्या हर्रासवाल्याकडून तो हे काम शिकला, त्यानं सांगितलं होतं की पोट रिकामं असलं की आवाज मोकळा निघतो. म्हणून तुळशीराम सकाळी उपाशीच आवारात यायचा, वर काळा चहा, त्यात लिंबू. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या; एक संपली की दुसरी, कारण त्यानं घशाला गार वाटायचं. दिवसभर एवढ्यावरच निभवायचं. बाजार आटोपला की शेताकडे. पिकाला पाणी द्यायला वीज रात्रीच येते, तेव्हा शेतावरच्या खोलीत डबा उघडायचा तो उशिरा, आणि दिवसभराची भूक एकदम काढायची. तीन-चार भाकरी, तेलात परतलेला ठेचा, वांग्याची रस्सेदार भाजी. जेवलं की तसंच बाजेवर आडवं व्हायचं, वीज येईपर्यंत.

पोटाबद्दल त्याला अभिमानच होता. जळजळ काय असते ते त्याला ठाऊक नव्हतं. आंबट ढेकर लोकांना येतात, हे त्यानं फक्त ऐकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाजार समितीचे सचिव वामनराव यांनी त्याला कचेरीत बोलावलं. वामनराव मनानं वाईट माणूस नाही, पण बोलायला लागला की समोरच्याकडे न बघता खिडकीकडे बघतो. तुरीची आवक सुरू होईल, म्हणाले. खरेदीदारांची तक्रार आहे. ऐकू येत नाही म्हणतात, एका ढिगाला तर भाव कोणता सुटला यावरूनच भांडण झालं. शेतकऱ्याचं नुकसान नको.

“चंद्रशेखरले तयार ठेवला आहे,” वामनराव खिडकीला म्हणाले. “तुझा आवाज आला तर तू. नाही आला तर तुरीपासून तो. तुले मापाड्यावर देखरेख ठेवायचं काम देतो.”

चंद्रशेखर म्हणजे तुळशीरामच्याच हाताखाली शिकलेला. पोरगं गुणी होतं, यानं तर जास्तच दुखलं. देखरेख म्हणजे तोंड बंद ठेवून उभं राहणं. ज्याची ओळखच आवाज, त्यानं आवारात मुकं उभं राहायचं.

घरी बायकोला, शारदाला, सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी साडी बदलून तयार बसली. बुलढाण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जायचं. इतके महिने आवाज बसलेला माणूस घशात आत कुणी बघितल्याशिवाय फिरतो, हे बरं नाही, असं तिला माहेरच्या नर्सबाईनं फोनवर सांगितलं होतं. आत गाठबिठ नाही ना, एवढं तरी कळेल. गाठ हा शब्द ऐकल्यावर तुळशीराम वाटेतल्या मोताळ्यापर्यंत बसच्या खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टर भार्गवी मुळे वयानं लहान, बोलण्यात सावकाश. त्यांनी नाकातून बारीक नळीची दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर त्याचा घसा त्यालाच दाखवला. आवाजाच्या दोन पट्ट्या उघडत-मिटत होत्या. गाठ नव्हती. शारदानं इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टर वळून हसल्या. पण पट्ट्यांच्या मागचा भाग लालसर, सुजलेला होता. धुळीनंही असं दिसू शकतं, त्या म्हणाल्या, नुसत्या लालीवरून ठरवता येत नाही. मग विचारायला लागल्या. खोकला कधी जास्त? सकाळी उठल्या उठल्या आणि जेवल्यावर. घशात काही अडकल्यासारखं? हो, कायम. दिवाळीत बाजार बंद होता, तेव्हा कसं होतं?

तुळशीराम म्हणाला, आराम होता.

“कायचा आराम?” शारदा मध्येच म्हणाली. “आठवडाभर धुळीचं नाव नाही अन् खोकला दुप्पट. रोज अनारसे, चकल्या, कढी-वडे हाणायचे अन् हाणले की लवंडायचं. सकाळी तर बोलनंच निघत नव्हतं, हातानं चहा मागत होते.”

डॉक्टर थांबल्या. जेवण कधी, झोप कधी, खिशात काय, चहा कसा, एकेक विचारत गेल्या. तुळशीराम आवाज कसा राखतो ते अभिमानानं सांगत गेला, आणि प्रत्येक उत्तराला त्यांची मान हलताना बघून त्याचा अभिमान कमी कमी होत गेला.

“काका, मला वाटतं तुमच्या पोटातलं आम्ल घशापर्यंत येतंय.”

“पोटातलं? म्याडम, माह्या पोटाले काहीच होत नाही. जळजळ नाही, काही नाही. खोकला गळ्यात आहे.”

“म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही. याचा आवाजच होत नाही.”

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप असते. पोट तुडुंब भरून आडवं झालं की ती थोडी सैल पडते आणि आतलं वर येतं, आम्लही आणि अन्न पचवणारा रसही. पोटाला आतून अस्तर असतं, त्याला ते सोसतं. अन्ननलिकाही थोडं सोसते, गिळलेल्या लाळेनं धुऊन काढते. म्हणून थोडंसं वर आलं तर जळजळ होतेच असं नाही. पण घशाला तसलं काही संरक्षण नाही. तिथे थेंबभर, नुसती वाफ पोचली तरी सूज येते. मग शरीराला वाटतं काहीतरी अडकलंय, म्हणून खोकला, म्हणून खाकरणं. आणि प्रत्येक खाकरणं म्हणजे आवाजाच्या पट्ट्या एकमेकींवर आपटणं. सूज वाढते, चिकटा वाढतो, की पुन्हा खाकरावंसं वाटतं.

“म्हणजे मी खाकरून खाकरून...”

“त्यालाच खतपाणी घालताय.”

पेपरमिंटनं काही जणांची झडप आणखी सैल होते, त्या म्हणाल्या. उपाशीपोटी लिंबाचा चहा म्हणजे चिडलेल्या घशावरून आंबट ओतणं. तुळशीराम खिशातल्या गोळ्यांच्या पुडीवर हात ठेवून बसला, कुणी हिसकावून घेईल असा.

गोळ्या दिल्या, त्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायच्या. रात्रीचं जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास. सकाळी थोडं खाऊन निघायचं. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट गिळायचा. हे खात्रीचं का, असं शारदानं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. असं वाटतंय, म्हणाल्या, करून बघू. घसा हळू बरा होतो, दोन-तीन महिने धरा. फरक नाही पडला तर पुढच्या तपासण्या करू, दुसरं काही शोधू.

परतीच्या बसमध्ये तुळशीराम चिडलेला होता. गळा दाखवायला गेलो अन् पोटाची औषधं घेऊन आलो. शारदा म्हणाली, पोटाले नावं ठेवली म्हणून राग आला का? तो म्हणाला, तसं नाही, पण मेळ लागत नाही. मेळ त्याला नंतरही नीटसा लागला नाही. पहिले दोन आठवडे काडीचा फरक नाही. डबा दिवस असतानाच शेतावर उघडावा लागे, आणि शेजारच्या शेतातला हिंमतराव विचारायचा, काऊन, पाहुणे येनार हायेत का? वीज येईपर्यंत बसून राहायचं. बसल्या बसल्या डुलकी लागायची. एकदा वैतागून तो ठेचा-भाकरी खाऊन तसाच लवंडला. सकाळी आवाज गेलेला. त्याला वाटलं, त्यामुळेच. मग वाटलं, थंडीमुळे असेल.

पौष सरता सरता सकाळचा ठसका कमी झाला. कधी कमी झाला ते त्याला कळलं नाही, शारदाला कळलं. ती म्हणाली, आज हातानं चहा नाही मागितला. त्यावर त्यानं चहाच नको म्हटलं आणि पोह्यांची बशी ओढली.

तुरीच्या पहिल्या हर्रासला वामनरावांनी दोघांनाही उभं केलं, तुळशीराम आणि चंद्रशेखर. आधी तुळशीराम. पहिला ढीग सुटला. दुसरा सुटला. चौथ्याला घशात ते ओळखीचं अडकलं, खाकरायला तोंड उघडलं, आणि सगळे खरेदीदार त्याच्याकडे बघत असताना तो थांबला. बाटलीतून घोट घेतला. गिळला. कुणीतरी म्हणालं, झालं, संपलं. पण ‘तीन वार’ निघालं. पूर्वीपेक्षा एक पट्टी खाली, थोडं जाड, तरी फाटकापर्यंत गेलं, कारण टपरीवरून एक शेतकरी उठून चालत आला.

मोठ्या ढिगांपर्यंत येता येता आवाज पातळ व्हायला लागला. तुळशीराम स्वतःच मागे वळला.

“चंद्रशेखर, इथून तू बोल. उद्या सुरुवातीचे ढीग पुन्हा माझे.”

वामनरावांनी या वेळी खिडकी नसल्यामुळे त्याच्याकडेच बघितलं आणि मान हलवली. मग हळूच विचारलं, कशानं आला बे आवाज? तुळशीराम सांगायला लागला. गोळ्या... नाही, अर्ध्या गोळ्या तर घ्यायच्याच विसरलो. लवकर जेवन. नाही, ते हप्त्यातून दोनदा चुकते. लिंबू सोडलं त्यानं असेल. का विटा? डॉक्टरबाईंनाही नक्की सांगता येत नाही म्हणे, सगळं मिळून, असं त्या म्हणाल्या. आता गोळ्या हळूहळू कमी करायच्या आहेत. मग काय होईल कुणास ठाऊक.

“म्हणजे तुले माहीतच नाही.”

“नाही,” तुळशीराम म्हणाला. समोर चंद्रशेखरनं मूठभर तूर वर उधळली होती आणि पुकारा सुरू केला होता. तुळशीरामनं घोटभर पाणी गिळलं आणि कान देऊन ऐकत राहिला.